न केलेला फोन

एकाच घरात राहायचं आणि एकाच रुग्णालयात नोकरी करायची, तरी नणंद-भावजयीचं जमायचं, ही देवाचीच कृपा. या दोघींचं जमायचं. भावजय तळमजल्यावर लॅबमध्ये टेक्निशियन, नणंद वरच्या मजल्यावर वॉर्डची सिस्टर. खटके उडायचे ते फक्त रक्ताच्या नमुन्यांवरून. ट्यूबवर नाव नसलं किंवा रक्त गोठलेलं असलं, की भावजय नमुना नाकारायची. नियमच तो. वॉर्डाने तिचं नाव ठेवलं होतं परतवाली.

त्या सकाळी वॉर्डाच्या दोन ट्यूब परत गेल्या आणि नणंदेचा फोन आला.

"वहिनी, घरी माझ्या हातचं मीठ कमी, इथे माझ्या हातचं रक्त खराब! तुमच्या पसंतीला उतरायला आता मुंडकंच कापून पाठवू का?"

मागे सगळा स्टाफ खो-खो हसला.

"पाठवा, वन्सं. पण त्यावर नाव लिहा," भावजय म्हणाली आणि फोन आपटला. उत्तर दिलं खरं, पण ते हसू कानात गरम तेलासारखं उतरलं होतं.

थोड्या वेळाने मास्तरांची ट्यूब आली. मास्तर म्हणजे वॉर्डातले निवृत्त शिक्षक. मूत्रपिंडं थकलेली, म्हणून पाणीही मोजूनच, आणि ताप आल्यामुळे यावेळचं डायलिसिस चुकलेलं. ट्यूब यंत्रात फिरवल्यावर वर पिवळसर पाणी यायला हवं, ते आलं तांबूस. सुईने घाईत ओढलं, सिरिंजने जोरात ढकललं, की रक्तातल्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर सांडतं. आकडा फुगतो. यंत्राने पोटॅशियम सात दाखवलं आणि शेजारी खुणेने बजावलं, नमुना खराब आहे.

चांगल्या नमुन्यात सात आलं असतं, तर तिने तत्क्षणी डॉक्टरांना फोन केला असता. एवढ्या पोटॅशियमने हृदय थांबू शकतं. या नमुन्यातला आकडा मात्र रिपोर्टात देता येत नव्हता. खरा किती आणि सांडलेला किती, देव जाणे. नियम होता, नमुना नाकारा, लगेच वॉर्डाला फोनवर कळवा, ताजं रक्त मागवा.

तिने रिसीव्हर उचलला. आज तिसऱ्यांदा परत! पुन्हा ते हसू. तिने रिसीव्हर खाली ठेवला आणि संगणकावर नोंद केली, 'नमुना नाकारला, नवीन पाठवा.' वाचतील की. डोळे आहेत त्यांना.

वर कोणी वाचलं नाही. मास्तरांच्या मुलीने दोनदा विचारलं, "सिस्टर, बाबांचा रिपोर्ट?" नणंद म्हणाली, "येईल हो, लॅबला घाई नसते." एक फोन करून विचारावं, असं तिच्याही मनात आलं होतं. पण परतवालीला आपण होऊन फोन करायचा? तिनेही केला नाही.

दुपारी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी संगणकावरची नोंद वाचली आणि ते ओरडले. धावपळीत ताजा नमुना खाली गेला. पाणी स्वच्छ पिवळं. पोटॅशियम सात पूर्णांक चार. या वेळी भावजयीने श्वासही न घेता फोन लावला. नाव, नंबर, आकडा सांगितला.

"परत म्हणून दाखवा."

नणंदेने मास्तरांचं नाव म्हटलं, आकडा म्हटला. "वहिनी, हे खरं?"

"खरं आहे, वन्सं. पळा."

डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं, इन्सुलिन-ग्लुकोज सुरू केलं, डायलिसिसचं यंत्र तयार करायला सांगितलं. यंत्रापर्यंत पोचण्याआधीच मास्तरांचं हृदय थांबलं. छाती दाबून दाबून डॉक्टरांचे हात थकले. ते परत सुरू झालं नाही.

भावजय जिना चढून वर आली. नणंद औषधांच्या ट्रॉलीला धरून उभी होती.

"सकाळी कळलं असतं, तर वाचले असते?" भावजयीने डॉक्टरांना विचारलं.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "वेळ मिळाला असता, एवढं नक्की."

'नाही' म्हणाले असते तर रडून मोकळं होता आलं असतं. 'हो' म्हणाले असते तर शिक्षा तरी कळली असती.

मास्तरांची मुलगी बाकावर बसली होती. तिने दोघींकडे पाहिलं. "ताई, बाबांचं रक्त पुन्हा का काढलं?"

नणंदेने भावजयीचा हात धरला. थांबवायला की सोबत म्हणून, ते तिलाही कळलं नसावं. भावजय मुलीसमोर खाली बसली.

"पहिला नमुना खराब झाला होता. तो नाकारला, ते बरोबरच होतं. पण फोन करून सांगायचं माझं काम होतं. मी केला नाही. रागात होते."

"आणि मी विचारलं नाही," नणंद म्हणाली. "तीही त्याच रागात."

मुलगी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"बाबांना तहान लागली होती," ती म्हणाली. "रिपोर्ट आल्याशिवाय जास्त पाणी द्यायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते ना? बाबा सारखे दाराकडे बघत होते. मला म्हणाले, अगं, मोठी माणसं कामात असतात, त्यांना त्रास देऊ नकोस."