गटाराकडचा कॉक

सासऱ्यांनी उभा जन्म नळजोडणीत घालवला होता. निवृत्त झाल्यावर घरचंच पाणी त्यांच्या तावडीत सापडलं. न्हाणीघराचं आणि वॉशिंग मशीनचं पाणी त्यांनी परसातल्या दोन कप्प्यांच्या हौदाकडे वळवलं. पहिल्या कप्प्यात गाळ तळाला बसायचा, साबणाचा फेस वर राहायचा. मधलं पाणी दुसऱ्या कप्प्यातल्या खडी-वाळूतून गाळलं जाऊन लिंबाच्या मुळांशी जायचं. ब्लीच मात्र वाळूने अडत नाही, म्हणून हौदाच्या आधी एक कॉक होता. ब्लीच वापरलं, की तो गटाराकडे फिरवायचा. लॅबमध्ये नोकरी करणाऱ्या सुनेचे पांढरे कोट दर रविवारी ब्लीचमध्ये निघायचे. तू नुसतं सांग, मी फिरवतो, असं सासऱ्यांचं फर्मान होतं.

पण सांगितलं, की अर्धा तास खडी-वाळूचं पुराण ऐकावं लागायचं. सून कंटाळली. चार रविवार तिने गुपचूप मशीन लावलं.

मग हौदाला कुबट वास सुटला आणि लिंबाच्या पानांच्या कडा करपल्या. सासऱ्यांनी झाकण उघडून हुंगलं आणि विचारलं, ब्लीचचं मला सांगितलं होतंस का? तिला खरं बोलायला दोन शब्द पुरले असते. पण बाईसाहेबांनी वेळ मारून नेली.

"दर वेळी सांगितलं की, बाबा."

त्यांनी वाद घातला नाही. नुसतं "असेल" म्हणाले, आणि त्या एका शब्दाने तिचं जेवणावरचं मन उडालं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गॅस पेटवणं सोडलं. सकाळचा चहा आजवर स्वतः करणारा माणूस आता मुलगा उठेपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात बसून राहू लागला. बाजारात एकटे जाईनात. गुरुवारी त्यांनी मुलाला हळूच सांगितलं, की विसरायला होतं, एकदा डॉक्टरांना दाखवू. सुनेने ते भिंतीआडून ऐकलं. तिला स्वतःची लाज वाटली. तरी शनिवारपर्यंत खरं सांगायला तिची जीभ रेटली नाही.

रविवारी ते परसात बादलीत खडी धूत बसले होते. हौदाच्या भिंतीवर त्यांनी खडूने मोठ्या अक्षरांत 'कॉक' लिहून ठेवलं होतं. ती समोर उकिडवी बसली.

"बाबा, मी तुम्हाला एकदाही सांगितलं नव्हतं. चारही वेळा. त्या दिवशी मी खोटं बोलले."

त्यांचे हात बादलीतच थांबले. आता चांगली कानउघाडणी होणार, आणि व्हायलाच हवी, म्हणून ती मान खाली घालून बसली. लिंबाकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांनी ओले हात धोतराला पुसले.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"नाही, बाबा."

"मग उद्या गॅस मी पेटवला तर चालेल ना गं?"