वाटीवरचं पाणी

कराडच्या एका हाडांच्या दवाखान्यात शालूबाई फरशी पुसायची. आत डॉक्टर ऋषिराज दिवसभर लोकांचे गुडघे बघत आणि बाहेर शालूबाई दिवसभर गुडघ्यावर असे. यात काही वावगं आहे असं तिथं कुणाच्या मनात आलं नाही. शालूबाईच्याही नाही.

दवाखान्यात मॉप नव्हता असं नाही. जिन्याखाली तो भिंतीला टेकून उभा असायचा. पण दवाखान्याचा कारभार डॉक्टरांच्या पत्नी प्रियदर्शनीबाई बघत, आणि पांढऱ्या गुळगुळीत टाइलवर मॉपच्या रेघा उठल्या की त्यांच्या कपाळावर आठ्या उठत.

"लोक आधी फरशी बघतात शालूबाई, मग डॉक्टर," त्या म्हणायच्या. "हातानं पुसलेलं ते हातानं पुसलेलं."

तरुणपणी शालूबाई उकिडवी बसून सरसर मागं सरकायची. पुढं मांड्या भरून यायला लागल्या, तेव्हा तिनं उजवा गुडघा टेकायची सवय लावून घेतली. गुडघ्यावरची कातडी काळी पडली, जाड झाली, टाचेसारखी. आणि यंदा दिवाळीच्या सफाईनंतर त्याच गुडघ्याच्या वाटीवर लिंबाएवढा फुगा आला.

फुगा मऊ होता. बोटानं दाबला की आत पाणी हलल्यासारखं वाटायचं. गंमत म्हणजे पाय वाकत होता, जिना चढता येत होता. गुडघा टेकला की तेवढा दुखायचा.

"आत्या, डॉक्टरच्या दारात बसताय आन् डॉक्टरला दावत न्हाई?" सून पूजा म्हणाली. ती तेव्हा शिवणकामाच्या क्लासला जात होती आणि घरभर तिच्या कापडाच्या चिंध्या असायच्या.

"दावलं की इस्रांती घ्या म्हणतील."

"मग घ्यायची."

"माझ्या आधीच्या बाईला कमरंसाठी इस्रांती दिलती. ती अजून इस्रांतीच घेतीया."

पूजा हसली. शालूबाई हसली नाही. नवरा गेल्यापासून त्या दवाखान्यातली जागा हेच तिचं शेत होतं. लेक यशराज ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर हंगामापुरता ड्रायव्हर. बाकी वर्षभर घर त्या फरशीवर उभं होतं.

शेजारच्या रंगुबाईंनी मग उपाय सांगितला. सूज म्हटली की त्या बिब्बाच काढत. सुईला टोचून त्यांनी बिब्बा दिव्यावर धरला आणि सुटलेलं काळं तेल फुग्यावर गोल फिरवलं.

"पानी वडून घील बघ," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूचा खांदा ह्यानंच गेला."

"गेला म्हंजे?"

"दुखायचा गेला गं. खांदा हाय तिथंच हाय."

बिब्बा उतला. कातडी भाजल्यासारखी झाली, फोड आले. शालूबाईला वाटलं, औषध लागू पडतंय. ती तशीच कामावर गेली. दुपारपर्यंत फोड फुटले आणि उघडी कातडी बादलीतल्या मळक्या पाण्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपलांच्या घाणीत घासत राहिली. पुढं गुडघा लाल झाला, तापलेल्या तव्यासारखा लागायला लागला. अंगात थंडी भरली. तरी ती रोज पातळ खाली ओढून यायची.

एके सकाळी डॉक्टरांच्या खोलीच्या दारात पुसता पुसता तिला उठताच येईना. मागं एका पेशंटची व्हीलचेअर अडली होती.

"शालूबाई, वाट द्या जरा," आतून डॉक्टर म्हणाले.

"देते साहेब," ती म्हणाली, आणि तिथंच बसून राहिली.

डॉक्टर बाहेर आले. पातळ वर करून त्यांनी गुडघा बघितला. मग त्यांनी स्वतः तिला हाताला धरून आत टेबलावर निजवलं.

"बिब्बा कुणी घातला?"

डॉक्टरांनी गुडघा हळूच वाकवून पाहिला.

"सांधा वाचलाय. सांध्याच्या आत काही नाही," ते म्हणाले. "वाटी आणि कातडी यांच्यात एक चपटी पिशवी असते. कातडी वाटीवरून सहज सरकावी म्हणून. रोज टेकून टेकून ती चिडली, तिच्यात पाणी झालं. तेवढंच होतं तेव्हा तुम्ही आला असता तर सुई टोचायचीही गरज पडली नसती. टेकायचं बंद, कापडात गुंडाळून बर्फ, वर पट्टी. काही आठवड्यांत बसलं असतं. आता जखमेतून जंतू आत गेलेत."

भाजलेली जागा सोडून, बाजूच्या चांगल्या कातडीतून त्यांनी सुई घातली. गढूळ, पिवळट पाणी आलं. त्यातलं थोडं तपासणीला पाठवलं. लगेच इंजेक्शनं सुरू केली. तीनेक दिवसांनी पिशवी पुन्हा भरली, पुन्हा उपसली. ताप उतरेपर्यंत तिला दवाखान्यातच ठेवलं, मग गोळ्या देऊन घरी सोडलं. चिरायची वेळ आली नाही. डॉक्टरांनी एक पैसाही घेतला नाही, हे शालूबाई पुढं ज्याला त्याला सांगायची.

"मला का नाही सांगितलं?" त्यांनी जाताना विचारलं.

"तुमी गुडघा टेकू नको म्हणला असता."

"अर्थात."

"तेच की साहेब."

डॉक्टरांनी मान खाली घालून चिठ्ठी लिहिली. "इथून पुढं गुडघ्यावर काम नाही. सूज बसली तरी नाही. पुन्हा टेकलात की पुन्हा येणार."

प्रियदर्शनीबाई घरी भेटायला आल्या, मोसंबी घेऊन. वाईट बोलल्या नाहीत. "तुमची काळजी वाटते हो. पण दवाखाना तसाच ठेवता येत नाही. दुसरी बाई बघावी लागेल."

शालूबाईच्या तोंडून निघून गेलं, "दुसरी कशाला? पूजा हाय की."

पूजा चुलीपाशी होती. तिनं वर बघितलं नाही. यशराज म्हणाला, "क्लास काय, पुढच्या वर्षीबी होईल." चिंध्या गोळा झाल्या.

फेरतपासणीला शालूबाई गेली तेव्हा गुडघा सपाट झाला होता. डॉक्टरांनी अंगठ्यानं वाटी दाबून पाहिली आणि समोर बसलेल्या एका म्हातारबाबाला म्हणाले, "बघा, सांगितलेलं ऐकलं की असं बसतं."

दार उघडंच होतं. बाहेर पूजा फरशी पुसत होती. दोन्ही गुडघे टेकून.

"साहेब," शालूबाई म्हणाली, "तेवढं बाईसाहेबांस्नी सांगा की. तिला मॉप द्या म्हणावं."

डॉक्टरांनी दाराकडं बघितलं. क्षणभर त्यांचा चेहरा ओशाळला. "बोलतो मी," ते म्हणाले. मग घंटी दाबली. म्हातारबाबा उठून टेबलाशी आले.

शालूबाई बाहेर येऊन सुनेपाशी वाकली. "ऊठ पूजा. तो मॉप घे. मी सांगते बाईसाहेबांस्नी."

पूजाचं फडकं थांबलं नाही. "इतकी वर्सं तुमी न्हाई सांगितलंत."

"म्हणून तर सांगते बाई, ऊठ."

"उठले तर जागा जाईल. जागा तुमीच दिलीया, आत्या. मी मागितली नव्हती." मग तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "पाय उचला. ओलं हाय."

शालूबाईनं पाय उचलला. ती उभी होती तेवढी जागा पूजानं पुसून घेतली आणि पुढं सरकली.

जिन्याच्या पायऱ्या उतरताना शालूबाईनं कठड्याला हात लावला, पण आधाराची गरज पडली नाही. गुडघा कुठंही अडला नाही, कुठंही दुखला नाही. निदान जरा तरी दुखायला हवा होता, असं तिला रस्त्यावर येईपर्यंत वाटत राहिलं.