टेपाखालची तार

चार्जर गुणगुणतो आहे, असं वसुधानं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा नीळकंठराव हसले होते. भोपाळच्या मोठ्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगवर, तारा गुंडाळून त्यांवर इन्शुलेशन चढवण्यात, काढली होती. शेडमध्ये टेस्टिंगला चढलेल्या ट्रान्सफॉर्मरचा आवाज ऐकून ते लांबूनच सांगत, हा ठीक आहे, याच्या आतल्या लोखंडी पट्ट्या सैल आहेत. निवृत्त होऊन भोपाळमधल्याच सोनागिरीतल्या या घरात आल्यालाही आता सहा वर्षं झाली होती, पण गल्लीत कुणाचा पंखा घुरघुरला की पहिलं बोलावणं त्यांनाच येई.

"अगं, कॉइल आहे तिथं थोडी गुणगुण असायचीच," ते सुनेला म्हणाले. "कान लावून ऐकशील तर सगळेच चार्जर गातात."

"बाबा, कान न लावता ऐकू येतंय. आणि हात ठेववत नाही इतका तापतोय."

वसुधा नागपूरची. घरी बसून एका पुण्याच्या कंपनीसाठी मशीनच्या सुट्या भागांचे नकाशे लॅपटॉपवर काढून द्यायची. सध्या तिचा परीक्षेचा महिना चालू होता. महिनाभराचं काम पसंत पडलं तर कायम करू, असं कंपनीनं लिहून कळवलं होतं. नवरा निनाद सकाळी शहराबाहेर मंडीदीपला कारखान्यात जाई तो संध्याकाळी परते. दिवसभर घरात ती, सासू नलिनी आणि नीळकंठराव.

त्यांनी चष्मा लावून वायर पाहिली. लॅपटॉपमध्ये जाणाऱ्या पिनेपासून बोटभर अंतरावर वरचं काळं रबर फाटलं होतं. आत जाळीसारखी विणलेली तांब्याची तार दिसत होती आणि तिचे काही केस तुटून बाहेर आले होते. वायर तिथं जराशी हलवली की चार्जिंगचा दिवा विझे, पुन्हा लागे.

"मी हा वापरणं बंद करते," वसुधा म्हणाली. "नवा मागवलाय, चार दिवसांत येईल. तोवर आनंद नगरची माझी मैत्रीण मंजूषा आहे ना, तिच्याकडून आणते. तिचा लॅपटॉप अगदी हाच आहे, ती एक चार्जर ऑफिसात ठेवते, एक घरी. मी विचारलंय तिला."

एवढ्यावर प्रकरण संपायचं. पण नीळकंठरावांना ते लागलं. घरात आयुष्यभर इन्शुलेशन केलेला माणूस बसलेला असताना सून दोन बोटं वायरीसाठी दुसऱ्याच्या दारात जाणार, ही गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरेना.

"एकोणीस व्होल्टची लाइन आहे ती. ओल्या हातानं धरलीस तरी शॉक बसणार नाही. आण इकडे."

"शॉकचं नाही बाबा, ती तापते आहे."

"आण म्हटलं ना."

तिनं आणून दिली. त्यांनी पेटीतून काळा टेप काढला, बाहेर आलेले केस बोटानं दाबून आत बसवले आणि अर्ध्यावर अर्धा चढवत असा सुबक टेप गुंडाळला की नलिनीताई कौतुकानं बघत राहिल्या. दिवा लागला. हलवला तरी विझला नाही.

"बघ," ते म्हणाले. "आता हा दोन वर्षं कुठं जात नाही."

 वसुधानं मंजूषाला फोन करून नको म्हणून सांगितलं.

त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही, आणि तेच पुढं त्यांना खात राहिलं. तुटक्या तारेत जेवढे केस उरतात तेवढ्यांवरच सगळा करंट येतो आणि नेमका तिथंच ताप धरतो, हे त्यांनी शेडमध्ये नव्या मुलांना शिकवलं होतं. जॉइंट कच्चा असेल तर वरून टेप मारू नका, टेपानं दोष लपतो, जात नाही, हे वाक्य त्यांचंच होतं. टेप गुंडाळताना ते मनात आलंही. पण एवढ्याशा वायरीत काय व्हायचंय, असं म्हणून त्यांनी ते बाजूला सारलं.

दोन दिवस चार्जर चालला. गुणगुण थांबली नव्हती, उलट मधूनच टिकटिक व्हायची. वसुधानं एकदा नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पेपर वर धरला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिला शेवटचे नकाशे पाठवायचे होते. जेवणं झाली होती. ती दिवाणावर पाय पसरून, पुढं छोटं टेबल घेऊन काम करत होती. चार्जरचा डबा खाली फरशीवर होता, पण पिनेजवळचा टेपाचा भाग टेबलाच्या कडेवरून गोधडीत टेकला होता. नीळकंठराव समोरच्या खुर्चीत पेंगत होते. आधी वास आला, गोड, रबर जळल्याचा. त्यांना झोपेत तो शेडमधला वाटला. डोळे उघडले तेव्हा गोधडीतून धुराची रेघ निघाली होती आणि वसुधानं लॅपटॉप वाचवायला पिनेशी हात घातला होता.

"हात नको, बटण–" एवढं ते बोलले तोवर तिनं पीन उपसली होती. वितळलेला टेप आणि रबर तिच्या उजव्या अंगठ्याला आणि दोन बोटांना चिकटलं. ती ओरडली नाही. तोंड मिटून हात झटकत राहिली, आणि ते तसंच चिकटून राहिलं.

त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं, प्लग काढला, गोधडी ओढून न्हाणीत टाकून वर बादली ओतली. नलिनीताई तुपाची वाटी घेऊन धावत आल्या. "तूप नको, काही लावू नका," म्हणत त्यांनी सुनेचा हात नळाखाली धरला. वीस मिनिटं धरला. चिकटलेलं ओढून काढू दिलं नाही, ते डॉक्टरांनी काढलं. त्या दुपारी त्यांनी केलं ते सगळं बरोबरच होतं.

डॉक्टर म्हणाले, जखम खोल आहे, अंगठ्याची त्वचा यायला तीन आठवडे तरी लागतील, माउस धरायचा नाही. वसुधानं डाव्या हातानं कंपनीला लिहिलं. कंपनीनं सहानुभूती कळवली आणि पाचव्या दिवशी जागा दुसऱ्याला दिल्याचंही कळवलं.

निनाद त्या संध्याकाळीच चिडला होता. "गोधडीवर चार्जर ठेवतं का कुणी? लाख वेळा सांगितलं असेल बिछान्यावर काम करू नकोस म्हणून. निष्काळजीपणा आहे सगळा."

"डबा खाली होता," वसुधा म्हणाली.

"मग पेटली कशी?"

तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. नीळकंठरावांनी पाण्याचा पेला उचलला, प्यायले आणि म्हणाले, "हात आधी बरा होऊ दे. बाकीचं नंतर." निनादला ते समजूतदारपणाचं वाटलं. वसुधानं मान खाली घातली आणि नंतर तो विषय तिनं स्वतःहून कधी काढला नाही.

अडीच आठवडे असेच गेले. लॅपटॉप सुरू होईना म्हणून तो आणि जळका चार्जर घेऊन नीळकंठराव स्वतःच अशोका गार्डनच्या दुकानात गेले. दुकानदारानं ब्लेडनं टेपाचे उरलेले वेढे सोडवले आणि भिंगाखाली तार धरली.

"देखिए अंकल. बाहेरची जाळी तुटली, तिचे बाल आतल्या तारेला लागत होते. पूरा शॉर्ट झाला असता तो अडॅप्टर खुद बंद हो जाता. हा आधा-अधूरा होता, लागतोय, सुटतोय. उसीसे डबा गरम, उसीसे आवाज."

भोपाळी माणूस, समोरच्याचं मराठी ऐकून त्यानं आपली हिंदी अशी वाकवली होती.

"किस दिन बंद करना था?" नीळकंठरावांनी विचारलं.

"जिस दिन तार दिखी, उसी दिन. रबर फटा, पीन के पास गरम लगा, हिलाने से लाइट गई आई, इनमें से एक भी हो तो निकाल के रख दो. टेप से तो और गरम होता है, हवा ही नहीं लगती." मग तो त्या वेढ्यांकडे पाहत कौतुकानं म्हणाला, "पर टेप जिसने मारा, हाथ का कारीगर है. और टूटी यहाँ से क्यों, बताऊँ? कोई रोज़ कस के लपेटता होगा, पीन के पास से मोड़ के."

रोज संध्याकाळी वसुधाचं काम संपलं की वायर डब्याभोवती घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळून ठेवायचं काम नीळकंठरावांचं होतं. पसारा त्यांना आवडत नसे. तिनं कधी ते करायला सांगितलं नव्हतं.

ते घरापर्यंत चालत आले. जेवताना सगळे होते, तेव्हा त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"निनाद, चूक वसुधाची नाही. ती तो चार्जर बंद करणार होती, मंजूषाचा आणणार होती. मी अडवलं. टेप मी मारला. वायर तुटली तीसुद्धा माझ्या गुंडाळण्यानं. आणि ज्या दिवशी तू तिला बोललास त्या दिवशी टेपाचं मला माहीत होतं."

 निनादचा चेहरा मऊ झाला.

"बाबा, तुम्ही उगाच स्वतःवर घेऊ नका. तिला बरं वाटावं म्हणून बोलताय, कळतं मला. वायरमधलं तुमच्याहून जास्त कुणाला कळतं? तुमच्या हातून असं होणारच नाही."

"झालंय, असं सांगतोय मी."

"त्यांचं मन फार मोठं आहे," नलिनीताई वसुधाला म्हणाल्या. "टेप तर माझ्यासमोर मारला होता, किती पक्का. सुनेसाठी असं कोण करतं?"

"बाबा खरं सांगताहेत," वसुधा म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "पण अठरा दिवसांनी."

निनादनं तिला जेवताना वाद नको म्हटलं. तिनं डाव्या हातानं ताटं उचलली.

अंगठा बरा झाला, पण टोकाशी बधिर राहिला. दिवाळीनंतर वसुधाला नागपूरला एका ऑफिसात काम मिळालं आणि ती माहेरी राहायला गेली. निनाद महिन्यातून दोनदा जातो. भांडून गेली असं कुणी म्हणत नाही. निघताना ती नीळकंठरावांच्या पाया पडली, आणि त्यांच्या तोंडून आशीर्वाद फुटला नाही.

गल्लीत मात्र ही गोष्ट नलिनीताईंनी सांगितली तशीच फिरली. परवा शेजारचे काशिनाथ मिक्सरची वायर दाखवायला आले होते. वायर प्लगपाशी फाटली होती.

"फेकून द्या," नीळकंठराव म्हणाले. "नवी बसवून घ्या, मी हात लावणार नाही."

काशिनाथांना ते नवल वाटलं. मग उठता उठता ते म्हणाले, "काही म्हणा नीळकंठराव, सुनेची चूक अशी स्वतःच्या अंगावर घेणारा सासरा आम्ही पाहिला नाही."

पहिले काही महिने ते असं कुणी म्हटलं की खोडून काढत. ऐकणारा आणखीनच मानानं बघे. आता ते खोडत नाहीत. त्यांनी काशिनाथांना दारापर्यंत सोडलं आणि कडी लावून घेतली.