ती शाल थंडीची नव्हती

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. जाळीला पोचा आलाय, दांडा घासून पांढरा पडलाय. तरी मला भंगार म्हणायची घाई करू नका! मठाची किती प्रवचनं, किती लग्नांची आमंत्रणं आणि किती हरवलेली पोरं माझ्यातून गावाला सापडली, ते गावालाच विचारा.

आमचा मठ किल्लारीच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच आहे. जीपवाल्यांना सांगायचीही गरज नसते, मठ आला की आपोआप थांबतात. मठाचे गुरू म्हणजे अप्पाजी. लातूर-उदगीरचे दुकानदार असोत की नायगाव-उमरीकडचे शेतकरी, सगळे त्यांना अप्पाजीच म्हणायचे. प्रवचनाआधी ते उपरण्याच्या टोकानं माझी जाळी पुसायचे आणि हळूच म्हणायचे, "बोल बाबा, आता तुझी पाळी." मला कोण आनंद व्हायचा! मी तर नुसता त्यांचाच आवाज लांब नेत होतो, पण ते मला स्वतःचा आवाज असल्यासारखं वागवायचे.

मग एका भक्तानं बिनवायरचा चकचकीत माईक आणला आणि मी गेलो कपाटात. माझी वायर खाली लोंबत राहिली, तिला उंदरांनी कुरतडलं. कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

गेल्या मार्गशीर्षातल्या जत्रेत त्यापायीच सगळं झालं बघा. ऐनवेळी नवा माईक खोलीत कुलूपबंद, किल्ली कुणाकडं कुणास ठाऊक. मग धावतपळत मला बाहेर काढलं. अप्पाजींनी मला पुसलं, मला समोर धरून चार वाक्यं बोलले आणि शेजारी उभ्या असलेल्या श्रीशैल स्वामींच्या खांद्यावर कोरी भगवी शाल घातली. श्रीशैल स्वामी म्हणजे अप्पाजींचे शिष्य. लहानपणापासून मठात वाढलेले, काशीला शिकून आलेले, बोलायला जरा लाजाळू. पण माझी वायर तुटलेली! आवाज पहिल्या दोन रांगांच्या पुढं गेलाच नाही. त्यात पालखीपुढं हलगी कडाडत होती. मागच्यांना दिसली ती फक्त शाल. आणि थंडी तर अशी, की मागचे सगळे म्हणाले, "अप्पाजींचं मन किती मोठं! पोराला गारठा लागला म्हनून शाल दिली."

झालं! एवढी मोठी गोष्ट थंडीवर गेली.

जत्रा सरली. मठातल्या मठात माझी वायर तेवढी श्रीशैल स्वामींनी जोडून दिली आणि मला पुन्हा कपाटात ठेवलं.

या वर्षी एका सकाळी अप्पाजी लिंगैक्य झाले. आमच्यात गेले म्हणत नाहीत, लिंगैक्य झाले म्हणतात. त्यांना स्नान घालून, विभूती लावून, डाव्या तळहातावर रोजच्या पूजेचं इष्टलिंग ठेवून खुर्चीवर बसवलं. बघणाऱ्याला वाटावं, प्रवचन संपवून जरा डोळे मिटलेत. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. मागं पहिल्या गुरूंच्या समाधीशेजारी खड्डा तयार झाला, बेलाच्या पानांच्या टोपल्या आल्या. पण क्रिया सुरू होईना.

कारण आमच्या मठाची रीत अशी, की समाधीची क्रिया नव्या गुरूच्याच हातून व्हायची. म्हणजे आधी उत्तराधिकारी जाहीर करायचा, मगच अप्पाजींना समाधी. आणि तिथंच अंगण दोन झालं. निम्मे म्हणत श्रीशैल स्वामी. निम्मे म्हणत रविकिरण. रविकिरण म्हणजे अप्पाजींचा पुतण्या, लातूरचा कापडदुकानदार. "आधीचे गुरू अप्पाजींचे काका होते," गावातली म्हातारी गुणाबाई पदर खोचून म्हणाली, "मंग आता पुतण्याच बसनार की! घराण्याची गादी हाय ही."

"गादी घराण्याची न्हाई मावशी, शिष्याची हाय," शेजारचा तरणा नागप्पा म्हणाला.

"तू गप रे! तुला काय ठावं, अप्पाजी गादीवर बसले तवा तू पाळण्यात होतास!"

अप्पाजी मधोमध शांत बसलेले आणि भोवती ही ओढाताण. मला कपाटात गुदमरल्यासारखं झालं हो.

दुपारी बिनवायरच्या माईकची बॅटरी सकाळपासूनच्या भजनात संपली आणि विश्वस्तांचे प्रमुख संगप्पा गुरुजींनी मला बाहेर काढलं. त्यांनी घसा साफ केला. "शिवभक्तहो, आपले परमपूज्य अप्पाजी आज लिंगैक्य झाले. चाळीस गावांना त्यांनी पोटच्या पोरागत जपलं. त्यांच्या आज्ञेनं, विश्वस्त मंडळाच्या एकमतानं आणि उदगीरकडच्या मठाचे शिवाचार्य साक्षी असताना मी जाहीर करतो, की श्रीशैल स्वामी मठाचे उत्तराधिकारी आहेत. आपला मठ शिष्यपरंपरेचा आहे. मागचे दोन गुरू काका-पुतण्या निघाले, तो योग होता, नियम नव्हता. अप्पाजीही आधी शिष्य झाले, घर सोडलं, मग गुरू झाले. जमीन, दासोहाचं अन्नछत्र, शाळा सगळं विश्वस्तांकडंच राहील. झालेला बदल धर्मादाय कार्यालयात रीतसर नोंदवू. पट्टाभिषेक पुढं चांगला दिवस बघून करू. आज फक्त..."

"विश्वस्त काय बी म्हनतील!" मागून आवाज आला. "अप्पाजींनी कवा सांगितलं?"

"जत्रेत सांगितलं!" पुढून कुणीतरी ओरडलं.

"जत्रेत? शाल दिली ती थंडीची होती!"

हसू आणि आरडाओरडा एकदमच उठला. श्रीशैल स्वामींनी मान खाली घातली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते गादीसाठी नव्हतं. अप्पाजी अजून उन्हात बसून होते म्हणून होतं.

तेवढ्यात लातूरहून नुकताच पोचलेला रविकिरण गर्दी फोडून पुढं आला. त्यानं मला हातात घेतलं. त्याच्या बाजूचे लोक टाळ्या पिटू लागले. माझं तर काळीज, म्हणजे जे काही आत आहे ते, लटकन हललं.

"टाळ्या थांबवा," रविकिरण म्हणाला. माझी वायर धड होती, आवाज पार रस्त्यावरच्या जीपपर्यंत गेला. "ती शाल माझ्या दुकानातली हाय. जत्रेच्या आधी अप्पाजींनी मला फोन केला. म्हनले, उत्तराधिकाऱ्याला घालायची हाय, चांगली बघून आन. म्या इचारलं, कुनाला? ते म्हनले, श्रीशैलला, तुझी हरकत? म्या म्हनलं, मला घर हाय, बायको हाय, दुकान हाय. हे मला जमनार न्हाई. त्ये हसले. म्हनले, मंग शाल चांगलीच आन." त्यानं शालीकडं बोट केलं. "थंडीची शाल आनायची असती, तर म्या लोकरीची आनली असती! ती तर रेशमाची हाय. हात लावून बघा!"

श्रीशैल स्वामींच्या खांद्यावर तीच शाल होती. गुणाबाई पुढं झाली, शालीचं टोक चिमटीत धरलं, बोटांनी चोळलं.

"रेशमाचीच हाय की गं बाई," ती म्हणाली, आणि वाकून श्रीशैल स्वामींच्या पाया पडली. तिच्यामागं बाकीचे.

मग उदगीरकडच्या शिवाचार्यांनी श्रीशैल स्वामींच्या कपाळी विभूतीचे पट्टे ओढले आणि मठाचा दंड त्यांच्या हाती दिला. सूर्य मावळायच्या आत श्रीशैल स्वामींनी अप्पाजींना बसल्या स्थितीतच समाधीत उतरवलं. विभूती आणि बेलाची पानं पडत राहिली. रविकिरण टोपली पुढं सरकवत होता आणि दोघंही रडत होते.

सगळं झाल्यावर श्रीशैल स्वामी भक्तांशी बोलायला आले. आधी त्यांनी मला हातात घेतलं, शालीचं टोक धरलं आणि माझी जाळी पुसली. "बोल बाबा," ते पुटपुटले, "आता आपली पाळी."

मित्रांनो, चांगला माणूस आयुष्यात एकदाच सांगतो अशी गोष्ट असते. ती मागच्या रांगेपर्यंत पोचायला हवी. म्हणून घरातल्या, शाळेतल्या, देवळातल्या माझ्यासारख्या जुन्या वस्तूंच्या वायरी जपा, एवढंच मागणं आहे. आणि कधी मागच्या रांगेत बसलात आणि शब्द नाही ऐकू आले, तर शालीवरून अंदाज बांधू नका. पुढं जा आणि विचारा.