पौडच्या दुकानातले गोल्डफिश

"कुठल्या कंपनीचं?" हा प्रश्न ऐकला की माझं डोकं फिरतं. पुण्यात कॅम्पात माझं माशांचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक माशांच्या आधी कंपनी विचारतं. पौडचे कापडवाले सिराजभाई तर विलायती नावांची यादीच घेऊन आले. त्यांना दुकानात पहिलीच टाकी मांडायची होती.

"मासे कुठले ठेवणार?" मी विचारलं.

"गोल्डफिश."

पाणी गरम ठेवायला काढलेला हीटर मी कपाटात परत ठेवला. गोल्डफिशला गार पाणीच मानवतं. फिल्टर मात्र मोठा दिला, कारण हे मासे घाण फार करतात. खाण्याचा डबा लहान दिला. पौडच्या दमट हवेत उघडा डबा फार दिवस टिकत नाही. सुरुवातीला मासे दोनच, आणि रोज एकच चिमूट खाणं, असंही बजावलं.

पंधरा दिवसांनी पौडला गेलो. फिल्टर चालू होता, तरी पाणी ताकासारखं पांढरं झालेलं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. दोन महिने पुरणारा डबा रिकामा होता.

"दुकानात येणारा हरेक माणूस चिमूटभर टाकतोय," सिराजभाई म्हणाले. "गिऱ्हाइकाला न्हाई कसं म्हनायचं?"

मी थोडं पाणी बदललं आणि माशांना दोन दिवस उपास सांगितला.

"मंग आता खाणं कंच्या कंपनीचं आणू?"

"कुठल्याही," मी म्हणालो. "डबा ठेवाल त्या कपाटाला कुलूप तेवढं चांगल्या कंपनीचं घ्या."