चांगल्या पायाचा गुन्हा

तियामिकेच्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं आणि ती कुबड्यांवर माझ्याकडे व्यायामाला आली, तेव्हा मी तिला पहिल्याच आठवड्यात उजव्या पायाने वजन उचलायला लावलं.

"आमायी, दुखतोय हा. तुम्ही राबवताय त्याला," ती म्हणाली. आमच्या ब्लँटायरमध्ये वयाने मोठ्या बाईला आमायी म्हणतात, आई म्हणावं तसं.

"उजवा राबला की थोडं डाव्याच्याही पदरात पडतं. ताकद नुसती मांसात नसते. मेंदू पायाला हाक मारतो, आणि हाक मारायचा सराव झाला की दोन्ही पायांची हाक सुधारते. डावा बारीक होईल, पण हाक विसरणार नाही."

"म्हणजे एकाने शेत नांगरायचं आणि दुसऱ्याने आयती मक्याची न्सिमा खायची. माझ्या सासरची रीत झाली ही."

कुरकुरत का होईना, तिने केलं. पट्टा दातात धरल्यासारखं तोंड करायची, मानेची शीर टरटरून फुगायची. पुढे डाव्यालाही व्यायाम सुरू झाले आणि तो भराभर वर आला. तिला एकच हवं होतं, नेटबॉलच्या राष्ट्रीय संघात परत जागा. वय बघता ही शेवटचीच संधी होती.

संघाचे डॉक्टर न्यासुलू. त्यांचा नियम एकच : खुर्चीत बसून नडगीने पट्टा रेटायचा, काटा किलो दाखवतो, आणि दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या शंभरात नव्वद तरी भरली पाहिजे. दुखापतीआधी तियामिकेचे दोन्ही पाय प्रत्येकी पन्नास किलो रेटत होते, मीच मोजलं होतं. आता डावा अठ्ठेचाळीस आणि उजवा साठ.

"शंभरात ऐंशी. नापास," डॉक्टर म्हणाले.

"अहो, डावा जवळजवळ पहिल्यासारखा झालाय. उजवा वाढलाय म्हणून फरक दिसतोय."

"मॅडम, नियम मी नाही केला. पण चांगला पाय फुगवायचा उद्योग तुमचा."

त्याच दिवशी संघातलीच वेझी पास झाली. तिचंही ऑपरेशन तेव्हाच झालेलं, पण ती घरी पलंगावर पडून होती आणि दोन्ही पाय सारखेच लुळे पडले होते. इकडे पस्तीस, तिकडे पस्तीस. शंभरात शंभर, म्हणून डॉक्टरांनी तिची पाठ थोपटली. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं, अजून काय म्हणू? शिबिरात उडी मारून उतरताना वेझीचा तोच गुडघा पुन्हा गेला. डॉक्टर म्हणाले, पोरीचं नशीब.

जागा रिकामी झाली. तियामिकेला फेरचाचणीला बोलावलं, वर निरोप आला की तोवर उजव्या पायाचा व्यायाम बंद.

चाचणीच्या दिवशी ती माझ्याकडे न बघता खुर्चीत बसली. आधी उजवा. तिने रेटलं. तोंड शांत होतं, मानेवर शीर नव्हती. जोर लावतानाचं तिचं तोंड मी रोज बघितलेलं, मला काय कळायचं राहिलं? काटा बावन्नवर थांबला. मग डावा. आता मात्र दात आवळले, शीर फुगली. अठ्ठेचाळीस.

डॉक्टरांनी हिशोब केला आणि खुशीत मान हलवली. "ब्याण्णव. बघितलंत मॅडम? चांगल्या पायाचं खूळ सोडलं आणि दुखरा पाय सुधारला."

दुखरा पाय मागच्या वेळेपेक्षा अर्ध्या किलोनेही हलला नव्हता. एवढं सांगायला जीभ शिवशिवत होती. पण सांगितलं असतं तर उजव्याचं खोटं उघडं पडलं असतं. तियामिके खुर्चीच्या कडा घट्ट धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "हो, डॉक्टर."

बाहेर आल्यावर तिने माझे हात धरले. "आमायी, रागावलात?"

"तुझ्यावर नाही गं. जा, सामान बांध."

राग होताच, आणि तो आजही गेलेला नाही. ज्या पायाने तिला उभं केलं, तोच तिला लपवावा लागला.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांचा हुकूम आला : दुखापत झालेल्या कुठल्याही खेळाडूच्या चांगल्या पायाला व्यायाम देऊ नये. खाली पुरावा म्हणून तियामिकेचं नाव होतं, आणि तो माझ्या खोलीच्या भिंतीवर लावायचा होता. मी लावला.

टाचणी टोचत होते तेवढ्यात अतुपेले दारात आली. नवी पोर, उजवा गुडघा पट्ट्यात, काखेत कुबड्या. तियामिकेने तिला सगळं सांगून पाठवलं होतं. बसायच्या आधीच तिने डाव्या पायातला बूट काढला.

"आमायी, याला किती वजन लावू?"

मी भिंतीकडे बघितलं. मग तिला म्हटलं, "बूट घाल, बाळ."