तसराळ्यातलं पाणी

आमच्या दवाखान्यात पंधरवड्यात दोन बाळंतिणी तापानं गेल्या. डॉक्टरसाहेब म्हणाले, नशीब! मी इथली दाई, चतुराबाई. माझा संशय दारातल्या तसराळ्यावर होता. सकाळी त्यात औषधाचं पाणी भरायचं आन् दिवसभर सगळ्यांनी त्यातच हात बुडवायचे, ही आमच्याकडची रीत.

आज साहेब एकाच्या मांडीचं गळू फोडून आले. तसराळ्यात बोटं बुडवली, सगळ्यांच्या फडक्याला पुसली आन् गौहरच्या खाटेकडं निघाले. तिला कळा सुरू झाल्त्या. मी तसराळं उचललं आन् त्यांच्यादेखत मोरीत उपडं केलं.

"नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ द्या. साबण लावून, वरून पाणी घेऊन हात धुतल्याबिगर तिला हात लावू देणार न्हाई."

"बाजूला हो!"

तेवढ्यात गौहरनं दात-ओठ खात गोधडी गुडघ्यांवर घट्ट ओढली. "हात धोव, साब. नै तो मेरेकू चतुराबाईच बस है."

साहेबांनी बाह्या वर केल्या. मी अंगठी काढायला लावली, तांब्या तिरपा धरला आन् नखं साफ होईपर्यंत त्यांना सोडलं न्हाई.